मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात जाताना

नवरा-बायको वेगळे झाल्यावर मूल ज्याच्याकडे राहतं, त्याच्या आयुष्यात पुढेमागे दुसऱ्या शहरात जायची वेळ येऊ शकते. डिचोलीच्या मुलीला पुण्यात नोकरी मिळते. पेडण्यातल्या एखाद्या वडिलांना कंपनी बेळगावला बदली देते आणि मूल त्यांच्यापाशी असतं. मग दुसरा पालक म्हणतो, "तू जा हवं तिथं, मुलाला नेऊ देणार नाही." यावर न्यायालय काय विचार करतं आणि त्याच्यासमोर जाण्याआधी काय तयारी लागते, ते इथे सांगतो. बोलण्याच्या सोयीसाठी जाणारी आई आणि हरकत घेणारे वडील धरले आहेत. उलट असलं तरी कसोट्या त्याच राहतात. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तेव्हा मात्र थोडा फरक पडतो, त्याबद्दल पुढे येईल.

आधी गोव्यापुरती एक गोष्ट. हिंदू विवाह कायदा गोव्यात लागू नाही. इथलं लग्न नागरी नोंदणी कार्यालयात नोंदलं जातं आणि घटस्फोट पोर्तुगीज काळातल्या १९१० च्या कायद्याने होतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या निकालांत "कलम २६ खाली अर्ज" असं वाचलंत, तर ते हिंदू विवाह कायद्याचं कलम असतं. तो अर्ज उचलून गोव्यात जसाच्या तसा देता येत नाही. पेडणे आणि डिचोलीत सावंतवाडी-दोडामार्गशी सोयरिकी नेहमीच्याच आहेत. लग्न तिकडे लागलेलं असतं, कधी नोंदणीही तिकडचीच असते. म्हणून वकिलाच्या पहिल्याच भेटीत लग्न कुठे लागलं, कुठे नोंदलं आणि दोघं मूळ कुठले, ते सांगून नोंदणीचा दाखला त्यांच्या हातात द्या. कोणता कायदा आणि कोणतं न्यायालय हे त्यावरून ठरतं. दोघं गोव्यातले असतील तर ताब्याचा प्रश्न बहुधा घटस्फोटाच्या दाव्यात येतो, नाहीतर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखालच्या अर्जात.

हा १८९० चा कायदा जुना असला तरी आपल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. कलम २६ म्हणतं की न्यायालयाने नेमलेल्या पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलवू नये. तुमच्याकडे पालकत्वाचा पक्का आदेश नसून नुसता अंतरिम ताबा असेल, तरी तो आदेश नीट वाचा. हद्द न सोडण्याची अट त्यात बऱ्याचदा घातलेली असते. अशी अट नसली, पण "दर दुसऱ्या शनिवार-रविवारी वडिलांकडे" एवढं लिहिलेलं असलं, तरी पुण्याला राहायला गेल्यावर तो आदेश पाळणं जमणार नाही. म्हणजे जाण्याआधी तो बदलून घ्यावा लागतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. मे महिन्यात सुट्टीला म्हणून मुलाला न्यायचं, जूनमध्ये तिकडच्या शाळेत घालायचं आणि मग वकिलाला फोन करायचा. आता मूल तिकडे रुळलं, तेव्हा न्यायालय परत पाठवणार नाही, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकतो. "सर्वसाधारणपणे राहतं" हे वस्तुस्थितीवरून ठरतं, आणि एकाने दुसऱ्याला अंधारात ठेवून नेल्यामुळे मुलाचं राहण्याचं ठिकाण बदललं असं न्यायाधीश सहज मानत नाहीत. वडील इकडच्या न्यायालयात मुलाच्या परतीचा अर्ज करतात. आदेश मोडलेला असेल तर अवमानाचाही करतात. मग जो मुद्दा नोकरी, शाळा आणि मुलाच्या हिताचा होता, तो आईच्या विश्वासार्हतेचा होऊन बसतो. पुढे भेटीची कितीही चांगली योजना तिने दिली तरी न्यायाधीशांच्या मनात प्रश्न राहतो: पहिला आदेश जिने पाळला नाही, ती हा पाळेल का?

अजून कोणतंच न्यायालय मध्ये आलं नसेल आणि दोघं नुसते वेगळे राहत असतील, तर जाण्याआधी परवानगी घ्यावी असा थेट नियम नाही. तरीही लेखी कळवून जा. कुठे जाते आहे, पत्ता काय, शाळा कोणती आणि मुलाशी कसं बोलता येईल एवढं लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढे पळवून नेल्याचा आरोप झाला तर हाच कागद कामाला येतो.

याला एक अपवाद आहे आणि तो खरोखर महत्त्वाचा आहे. घरात मारहाण असेल, जिवाला भीती असेल, तर परवानगीची वाट पाहत थांबू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. कलम २१ खाली तोच दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतो, आणि वडिलांच्या भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेट नाकारूही शकतो. मात्र पोचल्यावर अर्जाला महिने लावू नका, दिवसांत करा. डॉक्टरांचा कागद, पोलिस तक्रार, शेजाऱ्याची साक्ष, जे असेल ते सोबत घ्या. आणि ज्या घरात हिंसा नव्हती तिथे हे कलम हत्यार म्हणून वापरू नका. उलटतपासणीत ते टिकत नाही, आणि कोसळताना तुमचे खरे मुद्देही बरोबर घेऊन कोसळतं.

आता न्यायालय काय तोलतं ते बघू. आपल्या देशात मुलाच्या स्थलांतरासाठी वेगळं कलम नाही. मुलाचं हित सर्वोपरि, एवढंच सूत्र आहे. ते प्रत्यक्षात कसं लावतात हे निकालांतून कळतं.

गोव्यातलाच एक निकाल आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या ताब्याचा वाद म्हापशाच्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर आला. त्यांनी २०१४ मध्ये अंतरिम ताबा आईला दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो फिरवला. १७ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. विक्रमजित सेन आणि न्या. सी. नागप्पन यांनी तो पुन्हा आईकडे दिला. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्या लहान मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा हे कायद्यानेच मानलं आहे. आई लायक नाही असं वडिलांचं म्हणणं असेल तर ते त्यांनी सिद्ध करायचं, आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही. वर म्हटलेला फरक तो हाच. हा वाद शहर बदलण्याचा नव्हता. पण मूल दोन-तीन वर्षांचं असताना तुम्ही गोवा सोडून जाणार असाल, तर तुमच्या वकिलाने पहिल्यांदा हा निकाल काढावा. दुसरीकडे, खालच्या न्यायालयापासून दिल्लीपर्यंत जायला त्यात एक वर्षाहून जास्त काळ गेला, हेही ध्यानात घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती मोठा भाग, हे आईबापांना सांगायला नको.

शहर बदलण्याच्या बाबतीत पाया घातला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २५ मार्च २०१० च्या निकालाने. न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. ए. के. गांगुली यांचा तो निकाल. परस्परसंमतीने घटस्फोट झाला होता, मुलगा आईकडे आणि वडिलांना ठरलेल्या भेटी. पुढे आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. वडिलांचं म्हणणं होतं की भेटीची अट संमतीने ठरली आहे, आता ती बदलता येणार नाही. न्यायालयाने सांगितलं की ताब्याचे आदेश मुळातच कायमचे नसतात. मुलाची गरज बदलली की तेही बदलतात. न्यायमूर्ती स्वतः त्या मुलाशी बोलले, आणि आईला त्याला घेऊन जायची परवानगी मिळाली. मूल आणि नोकरी यांतून एक निवड, असं आईला सांगता येणार नाही, हा विचार त्या निकालात आहे.

हाच विचार आपल्या उच्च न्यायालयाने पुढे नेला. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांच्यासमोर पुण्याच्या एका आईचं प्रकरण होतं. तिला पोलंडमधल्या क्राकोला काम मिळालं होतं, मुलगी साधारण नऊ वर्षांची होती आणि कित्येक वर्षं आईपाशीच वाढत होती. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली होती. आपलं आणि मुलीचं नातं तोडायलाच ही निघाली आहे, शिवाय शेजारी युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे, अशी वडिलांची हरकत होती. उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि वडिलांची भेट, प्रत्यक्ष आणि व्हिडिओवरची, राखून ठेवली. गोव्याचं खंडपीठ याच उच्च न्यायालयाचा भाग आहे, त्यामुळे हा निकाल पर्वरीतही वजन राखतो.

पण हे दोन निकाल वाचून "नोकरी दाखवली की परवानगी मिळते" असं समजू नका. दोन्हीकडे मूल आधीपासून स्थिरपणे आईकडे होतं, जाण्याचं कारण खरं आणि कागदावर होतं, आणि वडिलांचा संबंध कसा टिकेल याचं उत्तर मिळत होतं. यातली एखादी बाजू लंगडी असली की निकाल दुसरीकडे झुकू शकतो. माझ्या मते सगळं वजन तिसऱ्या बाजूवर येतं, आणि लोक नेमकं तिथेच अर्धं पान लिहून थांबतात. "वडिलांना भेटण्यास अर्जदाराची हरकत नाही" या वाक्याने न्यायाधीशाच्या हाती काहीच लागत नाही.

एक उदाहरण पूर्ण उलगडून बघू. समजा, आई मयेची, वडील मांद्र्याचे. वेगळे होऊन दोन वर्षं झाली. सात वर्षांची मुलगी आईसोबत आजोळी राहते आणि डिचोलीत दुसरीत शिकते. अंतरिम आदेशाप्रमाणे दर दुसऱ्या शनिवार-रविवारी ती मांद्र्याला जाते. वडील किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या धंद्यात आहेत. आईने प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं शिक्षण घेतलं आहे आणि चिंचवडच्या एका रुग्णालयात तिला जागा मिळते. सख्खी बहीण तिथेच राहते. रुजू व्हायचं जूनमध्ये.

पहिली गोष्ट वेळेची. अर्ज फेब्रुवारीत गेला पाहिजे. नोटीस, वडिलांचं उत्तर, मध्यस्थी आणि सुनावणी यांत तीन-चार महिने सहज जातात. शाळेचं वेळापत्रकही आड येतं. २०२५ साली गोव्यात सहावीपासून पुढचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, तर पुण्यात शाळा जूनमध्ये उघडतात. मूल वरच्या वर्गात असेल तर इकडे नवीन वर्ष सुरू होऊन गेल्यावर ते मध्येच उचलावं लागतं, आणि "शिक्षणात खंड" हा मुद्दा आयता वडिलांच्या हाती जातो. आपली मुलगी दुसरीत आहे, तिचं वर्ष मार्चनंतर मोकळं होतं. हे अर्जात तारखांनिशी लिहायचं.

मग कागद. नियुक्तीपत्र, ज्यात पगार आणि कामाचे तास आहेत. घराचा भाडेकरार, किंवा बहिणीकडे राहणार असेल तर बहिणीचं शपथपत्र. तिकडच्या शाळेचं प्रवेश देण्यास तयार असल्याचं पत्र. आताच्या शाळेचं प्रगतिपुस्तक. इथे एक गफलत हमखास होते. आई दिवसपाळी-रात्रपाळीचा विचार केल्याशिवाय अर्ज करते आणि उलटतपासणीत वडिलांचे वकील शांतपणे विचारतात: मुलगी शाळेतून किती वाजता सुटते? साडेबाराला. तुम्ही घरी किती वाजता येता? सातला. मधले साडेसहा तास ती कोणाजवळ असते? मयेला हे तास आजीच्या अंगणात जात होते, हे न्यायाधीशांना माहीत असतं. चिंचवडला ते कुठे जाणार याचं उत्तर तिथेच, नावासकट हवं: मावशी अमुक वेळेला घरी असते, तिने तसं शपथपत्र दिलं आहे. "काहीतरी सोय करू" हे उत्तर महागात पडतं. सात वर्षांच्या मुलीचा सगळा दिवस कसा जातो, हेच न्यायाधीश मनात मांडून बघत असतात.

आता वडिलांच्या भेटी. दर दुसऱ्या आठवड्याला दोन दिवस म्हणजे वर्षाला २६ वेळा, ५२ दिवस. पुण्याहून हे शक्य नाही. दर पंधरवड्याला सात वर्षांच्या मुलीला रात्रीच्या बसने आणणं-नेणं हा तिच्यावर अन्याय होईल. म्हणून हेच दिवस मोठ्या तुकड्यांत मांडायचे. मेच्या सुट्टीत २५ दिवस, चतुर्थीला ७, दिवाळीच्या सुट्टीत ८, आणि उरलेल्या महिन्यांतल्या सहा महिन्यांत एकेक शनिवार-रविवार असे १२. बेरीज ५२ च येते. ही बेरीज न्यायाधीशांसमोर मांडली की हरकतीतला सर्वांत जड दगड हलतो, कारण वडिलांचे दिवस कमी झालेले नसतात.

नुसती बेरीज जमली म्हणून भागत नाही. छापील नमुन्यात "दिवाळी आणि नाताळची निम्मी सुट्टी" असं असतं आणि वकील ते तसंच उतरवतात. मांद्र्याच्या या वडिलांचा नाताळात धंदा सर्वांत जोरात असतो. मुलगी आली तरी ती दिवसभर मोबाइल घेऊन खोलीत बसणार. त्यांना उसंत मिळते ती मेच्या शेवटापासून पावसात, आणि चतुर्थीला. पेडणे-डिचोलीत चतुर्थी हाच वर्षाचा मोठा सण. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं त्या दिवसांत मूळ घरी येतात, माटोळी बांधतात, सगळी चुलत भावंडं एकत्र असतात. मुलीचं वडिलांच्या कुटुंबाशी नातं टिकायचं असेल तर ते या आठवड्यात टिकतं. पण पुण्याच्या शाळेत गणपतीला गोव्याइतकी सुट्टी मिळत नाही. म्हणून आराखड्यात "चतुर्थीच्या आठवड्यासाठी आई शाळेकडे रजेचा अर्ज करील" हे वाक्य असायला हवं. नाहीतर दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात तोच वाद उभा राहील. ज्या आईने वडिलांच्या धंद्याचा हंगाम आणि त्यांच्या घरचा गणपती लक्षात घेऊन भेटी मांडल्या, तिच्याविरुद्ध "ही नातं तोडायला निघाली आहे" हा आरोप चिकटणं कठीण होतं.

मेचे २५ दिवस सलग ठेवले तर सात वर्षांची मुलगी आईवाचून रडवेली होते, आणि तेच वडिलांविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं. दोन्ही बाजूंनी हे टाळावं. मध्ये दोन दिवस ती मयेला आईजवळ येईल असं आधीच लिहून ठेवा. ने-आण कुठे करायची हेही ठरवा. पुण्याहून आई मुलीला आजोळी आणील आणि वडील तिथून नेतील, ही व्यवस्था सोयीची. मांद्रे ते मये अंतर फार नाही, आजी-आजोबा साक्षी असतात, आणि पोलिस ठाण्याच्या दारात मूल देण्या-घेण्याची वेळ येत नाही. प्रवासाचा खर्च कोणी सोसायचा? शहर बदलणाऱ्याने निम्मा तरी भार उचलायची तयारी दाखवावी, असं मला वाटतं. न्यायालयालाही ते रास्त वाटतं.

मधल्या दिवसांसाठी फोन आहे. २० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनी भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्क वेगळा सांगितला. पालक वेगवेगळ्या राज्यांत असतील तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, असं त्यात आहे. आराखड्यात या बोलण्याची वेळ घाला. रोज रात्री आठ ते सव्वाआठ, मुलीने एकटीने बोलायचं, आईने शेजारी बसून ऐकायचं नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी, आणि चुकल्याचं कारण मेसेजवर. पुढे हेच मेसेज पुरावा होतात, तुमच्या बाजूचे किंवा तुमच्या विरुद्धचे.

आता हरकत घेणाऱ्या पालकासाठी. तुमची हरकत मुलासाठी आहे की बायकोवर हुकूमत चालवण्यासाठी, हे न्यायालय मागच्या वागण्यावरून ताडतं. गेल्या वर्षातल्या २६ भेटींपैकी किती घेतल्या? पालकसभेला गेलात का? मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव ठाऊक आहे? पोटगी वेळेवर गेली? भेटी न घेता, पैसे थकवून "मुलीपासून मला तोडतात" म्हणणाऱ्या वडिलांचं ऐकणारं न्यायालय मिळणं कठीण. पण जो बाप दर दुसऱ्या शनिवारी सकाळी मयेच्या दारात उभा असतो, मुलीला पोहायला शिकवतो, आजारपणात सोबत धावपळ करतो, त्याची हरकत न्यायालय गांभीर्याने घेतं आणि घ्यायलाच हवं. त्याने विरोध करताना पर्याय द्यावा. मुलगी माझ्याकडे राहिली तर सकाळी तिला कोण तयार करील, हंगामात मी रात्री अकराला येतो तेव्हा ती कोणापाशी असेल, शाळा तीच राहील का. आईने नोकरीच करू नये किंवा गोव्यातच शोधावी, एवढंच म्हणून भागत नाही. २०१० चा निकाल तिथे आड येतो.

काही हरकती खऱ्या असतात आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. मराठी माध्यमातली मुलगी एकदम इंग्रजी माध्यमात घातली जाते आहे का? बेळगावला नेत असाल तर शाळेत कन्नड येणार, त्याची तयारी काय? गोव्यातल्या व्यावसायिक महाविद्यालयांत राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या जागा इथे राहिल्याच्या वर्षांवर मिळतात. दहावीच्या आसपासच्या मुलाला बाहेर नेलं तर तो हक्क जाऊ शकतो. दुसरीतल्या मुलीसाठी हा मुद्दा दूरचा आहे, नववीतल्या मुलासाठी तो निर्णायक ठरू शकतो.

मुलाची स्वतःची इच्छाही विचारली जाते. मूल समजून उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, हे १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. वय लिहिलेलं नाही. २०१० च्या प्रकरणातला मुलगा आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान होता. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात घेतात, आईबाप बाहेर थांबतात. मुलाला आदल्या रात्री पढवू नका. शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल, आजोबांच्या घरातल्या कुत्र्याबद्दल सहज गप्पा मारता मारता न्यायाधीशांना मोठ्यांची वाक्यं लगेच ऐकू येतात. "पप्पा मला मानसिक त्रास देतात" हे सात वर्षांच्या मुलीचं बोलणं नसतं.

आपल्या उदाहरणात अर्जात मागणं असं असेल: मुलीसह पुण्यात राहायची परवानगी, जुन्या भेटींच्या जागी नवा आराखडा, आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यासाठी स्पष्ट निर्देश. हा तिसरा मुद्दा विसरू नका. वडील मुख्याध्यापकांना पत्र देतात आणि शाळा दाखला अडवून ठेवते, असं बऱ्याचदा होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा मुलाला हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तरीही आदेशात ओळ असली तर मुख्याध्यापकांनाही निर्धास्त सही करता येते. निकाल लागेपर्यंत रुजू होण्याची तारीख आली, तर मुलीला आजोळी ठेवून आई एकटी पुढे जाते. असं करताना ते न्यायालयाला सांगून करा. नाहीतर "आई मुलीला सोडून गेली" असं दुसऱ्या बाजूच्या उत्तरात दिसेल.

परवानगी मिळाल्यावर नवा पत्ता, शाळेचं नाव आणि फोन नंबर न्यायालयात लेखी द्या, तसं सांगितलं नसलं तरी. मुलीचं प्रगतिपुस्तक सत्र संपलं की वडिलांना पाठवा. भेटींची एक वही ठेवा, तारीख, ने-आणीची वेळ आणि कोण आलं एवढंच. आराखडा एक वर्ष चालला की कुठे अडतंय ते कळतं: शनिवारची बस नेहमी उशिरा येते, किंवा मुलगी तिसरीत गेल्यावर शनिवारी शाळा लागली. असे बदल दोघांनी लेखी ठरवून न्यायालयासमोर संमतीने ठेवले तर ते बहुधा एक-दोन तारखांत मंजूर होतात.